हिरव्या चौकटीतला मावा

माझ्या नोट्सवर लाल पेनानं पहिली रेघ ज्या बाईनं ओढली, तिच्याशी मी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी बोललो, तेही भांडायलाच.

अमरावतीतल्या एका अभ्यासिकेत आम्ही कृषी सेवकाच्या भरतीची तयारी करत होतो. एका मजल्यावर पन्नासेक खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला लाकडी खोपा आणि खोप्यात एक तरुण नाही तर एक तरुणपण सरत आलेला. मी दुसऱ्यांदा परीक्षा देणार होतो. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचो. अकोल्याची. लग्न झालेली, पाच वर्षांची मुलगी आईजवळ अकोल्यात ठेवून आलेली. शनिवारी दुपारच्या एसटीनं जायची, रविवारी संध्याकाळी परत. वयाच्या अटीमुळे ही भरती तिची शेवटची. ही गेली की अर्जच भरता येणार नव्हता. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि अशा सुरात सांगितलं होतं की मी त्यावर "होईल ना ताई" असलं काही म्हणू नये. मी म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की तो शब्द मी परत गिळला.

आम्ही अभ्यासक्रम वाटून घेतला होता. कपाशी, संत्रा, भाजीपाला आणि माती माझ्याकडे. तूर, हरभरा, गहू, ज्वारी आणि विस्तार शिक्षण तिच्याकडे. दोघांनी आपापल्या अर्ध्याच्या नोट्स काढायच्या, दर सोमवारी वह्या बदलायच्या, एकमेकांच्या तपासायच्या आणि शेवटी झेरॉक्स काढून दोघांनी दोन्ही अर्धे वापरायचे. म्हणजे माझी वही ही अर्धी तिची परीक्षा होती. हे मला तेव्हा कळत होतं असं मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

माझी वही मात्र सुंदर होती, हे सगळी अभ्यासिका कबूल करायची. जाड कागदाची, कडक पुठ्ठ्याची. मथळे निळे, व्याख्या काळ्या, आकडे लाल, आणि सगळ्यात महत्त्वाचं ते हिरव्या चौकटीत. चौकटीचे कोपरे मी पट्टीनं मारायचो. कपाशीचं बोंड मी असं काढलं होतं की शेजारच्या खोप्यातल्या पोट्ट्यानं त्याचा फोटो काढून मोबाईलवर लावला. त्या दिवशी मी दुसरं काही वाचलं नाही. नुसता फुगून बसलो.

ताईनं वही सोमवारी नेली आणि मंगळवारी आणून माझ्यासमोर टाकली. पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'वही देखणी आहे. ध्यानात काही राहत नाही.'

"काहून नाई राहत?" मी विचारलं.

"वही मिट."

मिटली. तिनं एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "कपाशीच्या आठव्या पानावर काय हाय ते लिही. आठवल ते. शब्द नको मोजू, मुद्दे लिही."

मी लेखणी उचलली. आठवं पान माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभं होतं. वर निळा मथळा, मधोमध ते बोंड, खाली उजवीकडे हिरवी चौकट, चौकटीच्या बाजूला एक बाण, बाणाचं टोक जरा वाकडं झालं होतं म्हणून मी पांढरी शाई लावली होती ती जागासुद्धा दिसत होती. चौकटीत काय लिहिलं होतं तेवढं सोडून सगळं दिसत होतं.

"निळ्या मथळ्याखाली तीन मुद्दे हायेत," मी म्हणालो.

"कोणते?"

"तीन."

तिचं तोंड रागानं लाल झालं. "बापा, तू पुस्तक उतरवून काढलं हायेस. पुस्तक माह्याजवळ हाय. मले तुह्याकडून दुसरं पुस्तक नको. डाव्या बाजूनं पानाचा तिसरा हिस्सा सोड. तिथं प्रश्न लिही. उजवीकडं उत्तर. उजवीकडचं पान दुमडायचं, प्रश्न वाचायचा, उत्तर तोंडानं द्यायचं, मंग उघडून पाहायचं. आज एकदा, परवा एकदा, आठ दिवसांनी एकदा. नाई आलं त्याच्यावर खूण. तुही वही वाचता येते, इचारता येत नाई."

मला तिचं म्हणणं पटलं नाही असं नाही. मला तिचा सूर पटला नाही. आणि तिनं माझ्या समासात लाल पेन चालवलं होतं. सोळा ठिकाणी. मी मोजली.

सोळांपैकी दोन खुणा आठव्या पानाच्या आसपासच्या. एक कपाशीच्या लाल्यावर, म्हणजे पानं लाल पडतात त्याच्यावर. मी लाल्या रोगांच्या यादीत टाकला होता आणि पुढे बुरशीनाशकाची फवारणी लिहिली होती. तिनं लिहिलं: 'रोग नाही. विकृती. तपास.' दुसरी खूण आठव्याच पानावर, भेंडीवर; भेंडी कपाशीच्याच कुळातली म्हणून मी ती तिथं घेतली होती. भेंडीचा केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो विषाणूचा रोग, कोण पसरवतं, तर मी हिरव्या चौकटीत लिहिलं होतं: मावा. तिनं मावा खोडून लिहिलं: 'पांढरी माशी'.

भेंडीचं मी लगेच मान्य केलं. चुकलंच होतं. आमच्याकडे पानामागं जे काही बारीक बसलं त्याला सरसकट मावा म्हणतात, तेच हातातून उतरलं. मी पट्टी घेऊन त्या 'मावा' शब्दावर एक बारीक, सरळ, सुबक रेघ मारली आणि वर लहान अक्षरांत 'पांढरी माशी' लिहिलं. चौकटीला धक्का लागू दिला नाही.

"ते पान फाड," ताई म्हणाली. "नवीन लिही. चूक डोळ्यासमोर ठेवशील तं चूकच पाठ होईल."

"फाडायला काय झालं? दुरुस्त केलं ना."

"फाड म्हणतो ना मी तुले." रागावली की ती पुरुषासारखं 'म्हणतो' म्हणायची.

मी फाडलं नाही. त्या पानावर ते बोंड होतं.

लाल्याचं मात्र मी मान्य करणार नव्हतो. मी कपाशीच्या वावरात वाढलेला. अकोटच्या बाजूला आमचं गाव, काळी जमीन, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि कडेला थोडी संत्र्याची झाडं. लाल्या मी दर कार्तिकात पाहत आलो होतो. आणि ही अकोल्याच्या शिंप्याची पोरगी, जिच्या घराला कुंडी ठेवायला गच्ची नाही, ती मला लाल्या शिकवणार?

आधी सूड घेतला. चार दिवस तिच्याशी न बोलता तिची वही चाळणीनं चाळली. शेवटी सापडलंच. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी तिनं पिवळे चिकट सापळे लिहिले होते. तिथं कामगंध सापळे हवेत. अळीचे नर पतंग त्या वासाला येतात. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसारख्या रसशोषक किडींसाठी. पाचव्या दिवशी मी ते पान चहाच्या टपरीवर सगळ्यांपुढे उघडून दाखवलं.

तिनं वाचलं, "बरं झालं सापडलं" म्हणाली आणि टर्रकन पान फाडलं. चहाचा कप बाजूला ठेवून तिथंच नवीन लिहायला बसली. माझ्या विजयाची तिनं पाच मिनिटांत रद्दी केली. इतका राग मला आयुष्यात कोणाच्या चुकीचा आला नव्हता जितका तिच्या दुरुस्तीचा आला.

दिवाळीला गावी गेलो तो पुरावा आणायलाच. बाबा वावरात होते. पऱ्हाटीची पानं लाल पडायला लागली होती. मी म्हटलं, "बाबा, लाल्या रोग हाय ना?"

"मंग काय देव हाय?"

"एक बाई म्हणते रोग नाई."

"कोण बाई?" बाबा तिथंच भडकले. "तिले म्हणा ये वावरात. पंचवीस वरसं फवारून राहिलो मी. रोग नाई म्हणे!"

आई चार ओळी पलीकडे कापूस वेचत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "पंचवीस वरसं फवारता, पंचवीस वरसं लाल होते. मंग दवा कोणाले देता, पऱ्हाटीले का दुकानदाराले?"

बाबांनी डोक्याचा रुमाल काढून वावराच्या धुऱ्यावर आपटला. "तू गप वेच!" आई गप वेचत राहिली, पण तिच्या पाठीवरून कळत होतं की ती हसते आहे. बाबा माझ्यावर ओरडले, मी आईवर ओरडलो, आई कोणावरच ओरडली नाही. घरी येऊन मी कृषी विद्यापीठाची पुस्तिका उघडली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: लाल्या ही विकृती. मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता, रात्रीचं तापमान एकदम उतरणं, ओलाव्याचा ताण. उपाय म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आणि युरियाची फवारणी. बुरशीचा संबंधच नाही. बुरशीनाशकानं बुरशी मरते, भूक मरत नाही.

मी पुस्तिका बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "छापणाऱ्याले काय जाते." पण लाल्याचं ते भांडण असं डोक्यात रुतलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी मॅग्नेशियम म्हटलं असतं.

ताईला मी एवढंच सांगितलं, "लाल्या दुरुस्त केला." कसा, ते सांगितलं नाही. बाकी चौदा खुणांविषयी तिनं विचारलं. मी म्हटलं, "झालं सगळं." झालं काही नव्हतं. समासात तिनं जिथं जिथं 'का?' आणि 'पुढे?' लिहिलं होतं, तिथं मला लिहिण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मी वहीची झेरॉक्स काढून तिला दिली. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. ही माझी या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती वहीत नव्हती.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा ती एका दुपारी माझ्या खोप्याशी येऊन उभी राहिली. हातात माझी झेरॉक्स आणि जुनी प्रश्नपत्रिका. अभ्यासिकेत बोलायची मनाई होती. ती ओरडली.

"बहार कुठं हाय?"

"कोणता बहार?"

"संत्र्याचा! आंबिया, मृग, हस्त, एवढे तीन शब्द लिहून ठेवले. फुलं कधी येतात? पाणी कधी तोडायचं? ताण काहून द्यायचा? काही नाई! जुन्या पेपरात दरवेळी बहारावर प्रश्न हाय. आन् मातीत काय लिहिलं, तं 'काळी माती भेगाळते'. भेगाळते ते मले खिडकीतूनही दिसते. काहून भेगाळते?"

"ताई, हे तं सोपं हाय. हे काय लिहायचं? हे सगळ्यांले येते."

पन्नास खुर्च्या आमच्याकडे वळल्या होत्या.

"सगळ्यांले म्हणजे कोणाले?" तिचा आवाज एकदम खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "तुले येते म्हणून तू लिहिलं नाई. माह्या बापाच्या शिलाई मशीनीले बहार येते काय? मी कुठं पाहणार? तुह्या वहीत जे नाई ते माह्यासाठी जगात नाई. मी पोरगी टाकून आली हाय अठी. तुह्या चौकटी पाहाले नाई आली."

व्यवस्थापक धावत आला आणि आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं. दाराशी उभा राहून मी वही चाळली. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की माझ्या वहीत जे सविस्तर होतं ते सगळं मला नवीन होतं, आणि जे मला घरून येत होतं त्याच्या जागी रिकामं होतं. मी स्वतःसाठी वही काढली होती आणि अर्धी तिला विकल्यासारखी दिली होती. बाहेर डिसेंबरचं ऊन होतं. त्याच दिवसांत आमच्या घरी आंबियासाठी संत्र्याचं पाणी तोडलेलं असणार. ते मला दारात उभं राहून आठवत होतं आणि वहीत नव्हतं.

मला वाटलं ती आता वही तोंडावर फेकून निघून जाईल. ती पायरीवर बसली, कोरी वही उघडली, पान दुमडलं आणि म्हणाली, "सांग. तोंडानं. मी लिहितो."

"काय?"

"तुले जे येते ते. ताणापासून."

मग तीन आठवडे रोज दुपारी टपरीमागच्या कडुनिंबाखाली मी बोलायचो आणि ती लिहायची. मी आंबिया सांगताना आजोबांच्या विहिरीपासून सुरू करायचो. ती कापायची. "गोष्ट नको. उत्तर." मी चिडायचो. "गोष्ट ऐकल्याशिवाय उत्तर कसं कळल?" "मले कळलं. पाणी तोडलं की झाडाची पालवी थांबते, अन्न साठते, मंग पाणी दिलं की फुलं येतात. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. हलक्या जमिनीत ताण कमी दिवस, भारीत जास्त. बरोबर का चूक?" बरोबर असायचं. माझी अर्ध्या तासाची विहीर तिनं चार ओळींत उपसलेली असायची.

काळ्या मातीपाशी ती मला घेऊनच बसली. मला भेगा माहीत होत्या, त्यात अडकून मोडलेला वखराचा दांडा माहीत होता, कारण सांगता आलं नाही. पुस्तकात शोधून तिनंच सांगितलं: मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. "आता इचार मले," ती म्हणाली. मी विचारलं. तिनं उत्तर दिलं. मग तिनं मला विचारलं. मी अडखळलो. "परवा पुन्हा इचारीन," असं ती धमकीसारखं म्हणाली आणि परवा खरंच विचारलं. तेव्हाही मला राग आला, पण उत्तर आलं.

तिची ती वही दिसायला भयानक होती. पातळ कागद, एकच निळं पेन, खाडाखोड नाही, कारण खाडाखोड झालेली पानं फाडलेली. वही फुगण्याऐवजी बारीक होत चालली होती. माझी वही मी तोपर्यंत पिशवीत ठेवली होती. पण रोज सकाळी खोप्यात बसलो की सवयीनं एकदा काढायचो आणि चाळायचो. वाचायला नाही. सुंदर होती म्हणून.

परीक्षा आम्ही दोघांनी दिली. लाल्यावर प्रश्न आला. मी अशी झडप घालून उत्तर दिलं की जणू बाबा समोर बसले होते. बहारावर आला, मातीवर आला, दोन्ही आले. मग भेंडीचा केवडा आला. कोणामार्फत पसरतो? चार पर्याय: मावा, तुडतुडे, पांढरी माशी, कोळी.

मी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे ते पान उभं राहिलं, त्या बोंडासकट. हिरवी चौकट, पट्टीनं मारलेले कोपरे, आणि चौकटीत ठळक, देखणा, एक शब्द. ती बारीक रेघ दिसली नाही. रेघेवरची लहान अक्षरं तर नाहीच. मी इतकी सुबक रेघ मारली होती की ती आठवणीत राहण्याच्या लायकीचीच नव्हती. लाल्यावर मी बापाशी भांडलो होतो, म्हणून लाल्या पक्का. केवडा मी निमूट मान्य केला होता. मी 'मावा' वर माउसची टिचकी मारली आणि समाधानानं पुढच्या प्रश्नाकडे गेलो.

यादी लागली. तिचं नाव होतं. माझं नव्हतं. त्या एका प्रश्नानं गेलं असं सांगायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. माझ्या वहीत अशा बारीक रेघा बऱ्याच होत्या.

अभिनंदन करायला मी फोन केला. आठ दिवस उशिरा केला, कारण आठ दिवस मला तिचा राग येत होता, आणि त्याचं कारण शोधूनही सापडत नव्हतं. मागं तिची मुलगी काहीतरी मागत ओरडत होती.

"तू अजून बस," ती म्हणाली. "तुह्या हातात अजून भरत्या हायेत. ते पान फाडलं काय?"

"हो."

"कधी?"

"कधीचंच."

"खोटं. फोन धरून ठेव. फाड. मले आवाज येऊ दे."

मी शेजारचं वर्तमानपत्र ओढलं आणि फोनजवळ धरून फाडलं.

"एवढा पातळ कागद तुह्या वहीचा कधी होता रे?" ती म्हणाली. "लाज वाटू दे. मी ठेवत नाई फोन."

मी उठलो. पिशवीतून वही काढली. आठवं पान उघडलं. बोंड अजूनही झकास होतं. मला तिचा असा संताप आला, बोंडाचा, त्या चौकटीचा, पट्टीनं मारलेल्या कोपऱ्यांचा, की पान फाडताना पाठचं पानही सोबत आलं आणि वहीचा शिवलेला दोरा उसवला.

"आता आला आवाज," ती म्हणाली. "सांग, केवडा कोण पसरवते?"

"पांढरी माशी!" मी ओरडलो.

"हळू बोल, पोरगी दचकली," ती म्हणाली. "परवा पुन्हा इचारीन."